घरमालकांसाठी: भाड्याच्या फ्लॅटची कॅरोसेल पोस्ट कशी करावी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ब्रोकरशिवाय फ्लॅट भाड्याने देऊ पाहणाऱ्या मालकांकडून वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: पुण्यात कोथरूडमधला कल्पित २ बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट, भाडं २६,००० रुपये. कायद्याच्या आणि शुल्काच्या गोष्टी महाराष्ट्रापुरत्या आहेत.

१. कॅरोसेल म्हणजे नक्की काय? नुसते सात-आठ फोटो टाकले तर चालत नाही का?

एकाच पोस्टमध्ये बोटाने सरकवत बघायच्या चित्रांची मालिका म्हणजे कॅरोसेल. इन्स्टाग्रामवर ती थेट टाकता येते. फेसबुक ग्रुपवर आणि व्हॉट्सअॅपवर तीच चित्रं क्रमाने पाठवायची. नुसते फोटो टाकले की खाली "रेंट?", "बॅचलर चालतील का?", "पार्किंग आहे का?" अशा कमेंटची रांग लागते आणि तीच उत्तरं दिवसभर टाइप करावी लागतात. चांगल्या कॅरोसेलमध्ये फोनवर विचारले जाणारे प्रश्न आधीच चित्रावर सुटलेले असतात. त्यामुळे फोन कमी येतात, पण जे येतात ते कामाचे असतात.

२. किती स्लाइड कराव्यात आणि कोणत्या क्रमाने?

दोन बेडरूमच्या फ्लॅटला आठ-नऊ पुरतात. इन्स्टाग्राम आता एका पोस्टमध्ये वीसपर्यंत चित्रं घेतं म्हणून वीस टाकायची गरज नाही. एकाच हॉलचे चार कोनांतले फोटो कोणी बघत नाही.

क्रम ठरवताना घर बघायला आलेला माणूस कसा फिरतो ते डोळ्यासमोर आणा. आपल्या उदाहरणात पहिली स्लाइड हॉलची, मुख्य माहितीसह. दुसरी स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनीची, तिसरी आणि चौथी बेडरूमची, पाचवी बाथरूम-टॉयलेटची. सहावीवर इमारत, लिफ्ट आणि पार्किंगची जागा. सातवीवर पैशांचा हिशोब, आठवीवर नियम आणि नववीवर संपर्क. नकाशा हवा असेल तर इमारतीच्या स्लाइडवरच एक ओळ लिहा: "वनाझ मेट्रो स्टेशनपासून चालत ८ मिनिटं." हे अंतर खरोखर चालून मोजा. "मेट्रोपासून ५ मिनिटं" असं वाचून आलेल्याला पंधरा मिनिटं चालावं लागलं, तर तो बाकीच्या माहितीवरही शंका घेतो.

बाथरूमची स्लाइड बरेच जण गाळतात. नेमका तोच फोटो नसला की बघणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. बाथरूम साधं असलं तरी स्वच्छ करून, बादल्या बाहेर काढून दाखवा.

३. भाडं पहिल्याच स्लाइडवर लिहू का? लोक आकडा बघून पुढे निघून जातील ना?

लिहा. ज्यांना तो आकडा परवडत नाही ते निघून जावेत यासाठीच तो लिहायचा. "भाड्यासाठी मेसेज करा" असं लिहिलं की पन्नास मेसेज येतात, त्यातले बहुतेक आकडा ऐकून गप्प होतात आणि खरा गरजू माणूस त्या गर्दीत हरवतो.

पहिल्या स्लाइडवर चारच गोष्टी असाव्यात: किती बीएचके, कुठे, भाडं किती, कधीपासून. "२ बीएचके, कोथरूड, ₹२६,००० + मेंटेनन्स, १ तारखेपासून रिकामा." एवढं झालं की थांबा. "प्राइम लोकेशन", "हवेशीर", "वास्तूनुसार" हे शब्द प्रत्येक जाहिरातीत असतात, म्हणून वाचले जात नाहीत. घर खरंच हवेशीर असेल तर दोन्ही बाजूंच्या खिडक्या एका फोटोत येऊ द्या.

तारीख खरी हवी. आधीचा भाडेकरू ३० तारखेला जाणार आणि मग रंग होणार असेल तर "१ पासून" लिहू नका. रंगाला आठ दिवस धरून "१० पासून" लिहा.

४. फोटो फोननेच काढले तर चालतील का? माझे फोटो नेहमी अंधारे येतात.

फोन पुरेसा आहे. अंधाराचं कारण बहुतेक वेळा खिडकी असते. फ्रेममध्ये उजळ खिडकी आली की फोन तिच्या प्रकाशाप्रमाणे जुळवून घेतो आणि खोली काळवंडते. उपाय दोन. एक, खिडकीकडे पाठ करून किंवा तिच्या बाजूला उभं राहून फोटो काढा. दोन, खिडकी फ्रेममध्ये हवीच असेल तर स्क्रीनवर खोलीच्या अंधाऱ्या भागावर बोट टेकवा, म्हणजे फोन त्या भागाप्रमाणे प्रकाश वाढवतो. फ्लॅश बंद ठेवा. तो समोरच्या टाइल्सवर पांढरा डाग पाडतो आणि मागची भिंत अंधारातच राहते.

सकाळी नऊ ते अकराच्या सुमाराला, पडदे उघडून आणि खोलीतले दिवे लावून फोटो काढा. खोलीच्या दारात किंवा कोपऱ्यात उभं राहा, फोन छातीच्या उंचीवर आणि सरळ धरा. तो वर किंवा खाली झुकला की भिंती तिरक्या दिसतात आणि खोली पडल्यासारखी वाटते.

०.५ची रुंद लेन्स वापरण्याचा मोह टाळा. दहा बाय दहाची बेडरूम तिच्यात हॉलएवढी दिसते. बघायला आलेला माणूस दारातच "फोटोत मोठी वाटली होती" म्हणतो आणि तिथून भाव पाडायला सुरुवात होते. १च्या लेन्सनेच फोटो काढा आणि खोली लहान असेल तर तिची मापं फोटोवर लिहा.

फोटो काढण्याआधी सिंकमधली भांडी, दोरीवरचे कपडे, देवघरातल्या खाजगी वस्तू आणि आरशात दिसणारे तुम्ही स्वतः, हे सगळं बाजूला झालं आहे ना ते बघा. आरशातला माणूस नेहमी पोस्ट केल्यावरच दिसतो.

५. चित्रांचा आकार आणि अक्षरं किती मोठी ठेवावीत?

उभं चित्र करा: १०८० बाय १३५० पिक्सेल, म्हणजे ४:५ प्रमाण. पहिल्या चित्राचं प्रमाण पुढच्या सगळ्यांना लागू होतं. पहिलं उभं आणि दुसरं आडवं असेल तर दुसऱ्याच्या बाजू कापल्या जातात आणि स्वयंपाकघराचा अर्धा ओटा गायब होतो. म्हणून सगळी चित्रं एकाच मापाची करून घ्या.

त्या मापावर मराठी मजकूर ४० पिक्सेलपेक्षा लहान नको. मात्रा आणि जोडाक्षरं लहान अक्षरांत एकमेकांत मिसळतात. मुक्ता, हिंद, बालू यांसारखे देवनागरीचे फॉन्ट घ्या. इंग्रजीसाठी बनवलेल्या सजावटी फॉन्टमध्ये मराठी टाइप केलं तर "पार्किंग"मधली रफार भलतीकडे जाते किंवा अक्षरांच्या जागी चौकोन येतात. मजकूर कडांपासून ऐंशी-शंभर पिक्सेल आत ठेवा, कारण प्रोफाइलच्या पानावर चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात.

६. एरिया कोणता लिहायचा? करारात ९००, बिल्डर ९५० म्हणाला होता, मोजला तर ६४० भरतो.

६४० लिहा आणि त्यापुढे "कार्पेट" हा शब्द लिहा. रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट म्हणजे फ्लॅटच्या आतली वापरायची जागा. आतल्या पार्टिशनच्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरत नाहीत. ९०० आणि ९५० हे बहुधा बिल्टअप आणि सुपर बिल्टअपचे आकडे असावेत, सुपर बिल्टअपमध्ये जिना-लॉबीचा वाटाही येतो. भाडेकरूला त्याचा काही उपयोग नाही. त्याला एवढंच बघायचं असतं की आपला सहा बाय सहाचा पलंग आणि कपाट दोन्ही मावेल का.

म्हणून एकूण आकड्यापेक्षा खोल्यांची मापं जास्त कामाची: "मास्टर बेडरूम ११ × १०, दुसरी १० × ९.५." जुन्या कागदावर चौरस मीटर असतील तर १०.७६४ने गुणा म्हणजे चौरस फूट मिळतात. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन मावतं का, नळ आणि ड्रेन जोडलेला आहे का, हेही लिहा. हा प्रश्न फोनवर हमखास येतो.

७. भाड्याच्या स्लाइडवर नेमकं काय काय यावं?

ही स्लाइड सगळ्यात जास्त वेळ वाचली जाते. तिचा स्क्रीनशॉट काढून घरच्यांना पाठवला जातो. म्हणून ती एकटी वाचली तरी पूर्ण कळली पाहिजे.

मासिक खर्च आधी लिहा. भाडं २६,०००. मेंटेनन्स २,५००, तो मालक भरणार की भाडेकरू, हे स्पष्ट. वीज महावितरणच्या मीटरप्रमाणे, भाडेकरूकडे. पाइप गॅस असेल तर तेही मीटरप्रमाणे. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्येच आहे की उन्हाळ्यात वेगळा आकारला जातो, हे लिहा. एप्रिल-मे महिन्यांत भांडणं होतात ती बहुधा याच ओळीवरून.

मग एकदाचा खर्च. डिपॉझिट ७५,०००, परत मिळणारं. महाराष्ट्रात डिपॉझिटवर कायद्याने कमाल मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडे कायद्यातली दोन महिन्यांची मर्यादा राज्याने लागू केलेली नाही. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागितलं जातं, त्याहून जास्त मागितलं तर लोक दुसरीकडे वळतात. डिपॉझिटमधून काय कापणार तेही इथेच लिहा: "रंगाचा खर्च ११ महिन्यांनंतर सोडल्यास कापणार नाही, त्याआधी सोडल्यास ८,००० कापणार." रंगाचा आकडा आधी सांगितला की जाताना वाद होत नाही.

आणि करार. लिव्ह अँड लायसन्स कराराचं मुद्रांक शुल्क असं काढतात: पूर्ण मुदतीचं भाडं, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दर साल १० टक्क्यांनी काढलेलं व्याज मिळवायचं, आणि बेरजेच्या ०.२५ टक्के. आपल्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं २,८६,०००. ७५,०००वर ११ महिन्यांचं व्याज ६,८७५. बेरीज २,९२,८७५, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ७३२ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. किरकोळ शुल्क धरून सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास जातो. घरी येऊन अंगठे-फोटो घेणाऱ्या एजंटची फी त्यावर वेगळी. "करार खर्च निम्मा-निम्मा" असं असेल तर तसं लिहा.

शेवटी एक ठळक ओळ: "चावी घेताना द्यायची रक्कम: २६,००० + २,५०० + ७५,००० = ₹१,०३,५००, अधिक कराराचा निम्मा खर्च." ही बेरीज फार थोडे मालक लिहितात. वाचणाऱ्याला मात्र हीच हवी असते.

८. "नोटरी करार चालेल" असं लिहू का? स्वस्त पडतो म्हणून भाडेकरूच मागतात.

लिहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. नोंदणीकृत करार असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून कलम २४प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. इथे मुदत कितीही असली तरी नोंदणी लागते. अकरा महिन्यांची पद्धत केवळ सवयीने चालू आहे. २२ किंवा ३३ महिन्यांचा करार करून त्यात दर ११ महिन्यांनी ५ टक्के वाढ लिहिली तर पुन्हा पुन्हा एजंटला बोलवावं लागत नाही. तसं करणार असाल तर वाढीचा टक्का भाड्याच्या स्लाइडवर टाका.

९. "निगोशिएबल" लिहावं का?

लिहिलं तर पहिलाच मेसेज "लास्ट किती?" असा येतो. कमी करायची तयारी असेल तर कशासाठी, ते लिहा: "२२ महिन्यांचा करार केल्यास भाडं २५,०००." म्हणजे सवलतीच्या बदल्यात तुम्हालाही काही मिळतं.

१०. नियम कडक आहेत, पण पोस्ट खडूस दिसायला नको. कसे लिहू?

नियम माणसाच्या प्रकाराबद्दल न लिहिता वागण्याबद्दल लिहा. "बॅचलर नको" या मागे बहुतेक वेळा तीन काळज्या असतात: रात्रीचा आवाज, किती जण राहणार याचा पत्ता नसणं आणि अचानक सोडून जाणं. तिन्ही थेट लिहिता येतात. "जास्तीत जास्त तीन जण, तिघांचीही नावं करारात. रात्री साडेदहानंतर सोसायटीत आवाज नको. सोडण्याआधी एक महिना लेखी नोटीस." हे वाचून शांत स्वभावाच्या तीन नोकरदार मुली फोन करतात आणि सात जणांचा गट करत नाही.

तरीही तुम्हाला कुटुंबच हवं असेल तर ते स्पष्ट लिहा. लपवून ठेवून, रविवारी घर बघायला आलेल्याला दारात "बॅचलर का?" विचारणं हे जास्त वाईट. जात आणि आडनाव विचारून भाडेकरू निवडण्याची सवय मात्र आपल्या शहरांतून अजून गेलेली नाही. भाडं वेळेवर येईल का, हे आडनावावरून कळत नाही. पगाराची स्लिप आणि आधीच्या मालकाशी दोन मिनिटांचं बोलणं यांतून कळतं.

काही नियम हमखास राहून जातात. भिंतीला खिळे किंवा ड्रिल चालेल का. एसी बसवायचा असेल तर कोर कटिंगचं छिद्र पाडू देणार का. इन्व्हर्टरला वायरिंग आहे का. कुत्रा-मांजर चालेल का. पाळीव प्राण्यांबद्दल सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्या फ्लॅटपुरती अट करारात घालायची की नाही हा मालकाचा निर्णय, म्हणून तो "सोसायटी परवानगी देत नाही" असं म्हणून सोसायटीच्या गळ्यात टाकू नका.

आठ-नऊ ओळींपेक्षा जास्त नियम झाले तर बाकीचे करारात घ्या. त्या स्लाइडवर फक्त तेवढेच ठेवा ज्यांमुळे एखादा माणूस घर नाकारेल.

११. सोसायटीची एनओसी लागते का? ते पोस्टमध्ये लिहायचं का?

आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही. मात्र सोसायटीला आगाऊ लेखी कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. मालक स्वतः तिथे राहत नसल्यामुळे सोसायटी ना-वहिवाट शुल्क घेऊ शकते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. २००१पासून तशी मर्यादा आहे. हिशोबात महापालिकेचा कर धरायचा नाही. हे शुल्क मालकाचं आहे, त्यामुळे ते मेंटेनन्सच्या आकड्यात चुपचाप मिसळू नका.

पोस्टमध्ये सोसायटीच्या दोनच गोष्टी हव्यात: शिफ्टिंगच्या वेळा आणि शुल्क, आणि पार्किंग नक्की कोणतं. "कव्हर्ड पार्किंग १, चारचाकी" आणि "कॉमन जागेत दुचाकी" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्टॅक पार्किंगचा वरचा मजला असेल तर तेही सांगा, कारण उंच एसयूव्ही त्यात बसतेच असं नाही.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम आहे आणि ते ऑनलाइन होतं. कॅरोसेलवर "आधार, पॅन, फोटो आणि ऑफिसचं ओळखपत्र लागेल" एवढी ओळ टाकली की कागद वेळेवर हातात येतात.

१२. फोन नंबर उघड द्यायचा का? नंतर महिनोन् महिने कॉल येत राहतात.

नंबर चित्रावर न छापता कॅप्शनमध्ये किंवा प्रोफाइलच्या लिंकमध्ये द्या. चित्र फॉरवर्ड होत राहतं, त्यावरचा नंबर पुसता येत नाही. कॅप्शन मात्र कधीही बदलता येतं. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, म्हणून व्हॉट्सअॅपची लिंक प्रोफाइलमध्ये ठेवा आणि शेवटच्या स्लाइडवर "लिंक प्रोफाइलमध्ये" असं लिहा. लिंक अशी बनते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=2BHK%20Kothrud
```

९१नंतर दहा आकडी नंबर, मध्ये शून्य, अधिकचं चिन्ह किंवा जागा नको. नंबरआधी शून्य राहिलं की लिंक उघडत नाही, आणि बंद लिंकमागचं कारण बहुधा तेच असतं.

शक्य असेल तर जुन्या दुसऱ्या सिमवर व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या. त्यात पहिल्या मेसेजला आपोआप जाणारं उत्तर लावता येतं. त्यात चारच प्रश्न विचारा: किती जण राहणार, कुठे नोकरी किंवा शिक्षण, कधीपासून हवंय, घर बघायला शनिवार चालेल की रविवार. चारही उत्तरं देणाऱ्यालाच वेळ द्या. भेटी एकाच दिवशी वीस-वीस मिनिटांच्या अंतराने ठेवा. दारात दुसरं कुटुंब दिसलं की निर्णयही लवकर होतो.

१३. "ब्रोकर नको" लिहूनही ब्रोकरच फोन करतात. काय करू?

करणारच. "क्लायंट आहे, तुम्हाला काही द्यावं लागणार नाही" असं ते म्हणतात. पण भाडेकरूकडून ते सहसा एक महिन्याचं भाडं घेतात आणि तोच भार भाडं पाडून मागण्यात उतरतो. शेवटच्या स्लाइडवर "मालकाशी थेट, ब्रोकरेज नाही" एवढं लिहा आणि बाकी दुर्लक्ष करा. महिना उलटूनही घर रिकामं असेल तर मात्र ब्रोकर घ्या. एक महिना रिकामं राहिलं म्हणजे आपल्या उदाहरणातले २६,००० गेलेच.

१४. व्हॉट्सअॅपवर पाठवलं की चित्रं धूसर होतात आणि क्रम बिघडतो.

पाठवताना वरचं एचडी निवडा. सगळी चित्रं एकदम निवडून पाठवा, निवडताना ज्या क्रमाने दाबाल तो क्रम राहतो. नेटवर्क कमकुवत असलं तर तरीही पुढे-मागे होतात, म्हणून प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात "३/९" असा आकडा टाका. भाड्याची स्लाइड एकटी फॉरवर्ड झाली तर पहिली कुठे आहे हे त्या आकड्यावरून कळतं.

मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका. तसं पाठवलेल्या फाइलमध्ये फोटो काढलेल्या जागेचं लोकेशन राहू शकतं. फोटो म्हणून पाठवलं की ते निघून जातं.

१५. घरात अजून जुना भाडेकरू आहे. फोटो काढता येतील का?

त्याला विचारून, वेळ ठरवून. त्याचं सामान, मुलांचे फोटो, नावाची पाटी चित्रात येऊ देऊ नका. तो नको म्हणाला तर मागच्या वेळचे रिकाम्या घराचे फोटो वापरा आणि त्यांवर महिना-वर्ष टाका. जुना फोटो नवा म्हणून खपवला आणि मधल्या काळात भिंतीला ओल आली असेल तर ती पहिल्याच भेटीत दिसते.

१६. मी परदेशात राहतो, फ्लॅट पुण्यात आहे. पोस्टमध्ये काही वेगळं लिहावं लागेल का?

हो, एक गोष्ट आवर्जून. मालक करासाठी अनिवासी असेल तर भाडेकरूला भाड्यातून टीडीएस कापून सरकारकडे भरावा लागतो. रक्कम कितीही लहान असो, सूट नाही. सर्वसाधारण दर सेससह ३१.२ टक्के पडतो आणि त्यासाठी भाडेकरूला टॅन नंबर काढावा लागतो. २६,०००च्या भाड्यावर हे महिन्याला ८,११२ रुपये होतात. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसतं, आणि वर्षाअखेरीस त्यांच्या सीएने सांगितलं की घबराट होते. म्हणून भाड्याच्या स्लाइडवर लिहा: "मालक अनिवासी, भाड्यातून टीडीएस लागू." कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी काढून ठेवलं तर भाडेकरू मिळणं सोपं जातं.

घर दाखवणारा भाऊ किंवा काका असेल तर संपर्काच्या स्लाइडवर "घर दाखवायला नातेवाईक, करार मुखत्यारपत्राने" असं लिहा. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून प्रमाणित करून, भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. हे कागद तयार नसताना पोस्ट टाकली तर घर पसंत पडूनही करार अडतो.

१७. माझे फोटो चोरून कोणी भलत्याच नावाने टाकले तर? आणि "टोकन पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" म्हणणाऱ्यांचं काय?

फोटोंच्या मधोमध, फिकट अक्षरांत परिसराचं नाव आणि "मालकाची पोस्ट" असं लिहा. कोपऱ्यातला वॉटरमार्क कापता येतो, मधला कापता येत नाही. फ्लॅट नंबर, इमारतीची पूर्ण पाटी, कुलूप आणि चावी फोटोत नको. चोरलेल्या फोटोंवर दुसराच कोणीतरी भाडेकरूंकडून टोकन गोळा करतो आणि लोक तुमच्या दारात येतात. अशी पोस्ट दिसली तर तिथेच रिपोर्ट करा आणि आपल्या पोस्टखाली "घर न बघता कोणालाही पैसे देऊ नका" असं पिन करून ठेवा.

दुसरा प्रकार उलटा असतो. समोरचा स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवतो, घर न बघताच होकार देतो आणि डिपॉझिट "पाठवायला" तुम्हाला क्यूआर कोड धाडतो. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करायचा नसतो आणि यूपीआय पिन तर मुळीच टाकायचा नसतो. पिन पैसे जाताना लागतो, येताना नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३०वर फोन करा.

१८. पोस्ट टाकल्यावर भाडं बदललं किंवा फ्लॅट गेला, तर?

इन्स्टाग्रामवर टाकलेल्या कॅरोसेलमधलं चित्र बदलता येत नाही. एखादं चित्र काढून टाकता येतं, कॅप्शन सुधारता येतं. म्हणून भाडं बदललं तर जुनी पोस्ट काढून नवी टाका, नाहीतर चित्रावर २६,००० आणि कॅप्शनमध्ये २५,००० असं होतं आणि लोक दोन्हींतला कमी आकडा धरून बसतात. फ्लॅट गेल्यावर कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत "भाड्याने गेला" लिहा, मग दोन-चार दिवसांनी पोस्ट आर्काइव्ह करा. आर्काइव्ह केलेली पोस्ट पुढच्या वेळी परत आणता येते, पण भाड्याची आणि तारखेची स्लाइड जुनी असल्यामुळे तेव्हा नवीच टाकलेली बरी. मूळ चित्रं फोनवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. फेसबुक ग्रुपवर टाकलेली पोस्ट हाताने काढावी लागते. ती विसरलात तर पुढच्या पावसाळ्यातही फोन येत राहतील.